SB005 मध्ये अडकलेला आयजीएसटी रिफंड: कस्टम्सच्या अधिकाऱ्यांना पत्र कसं लिहायचं

प्रश्न: नमस्कार सर. शिरोली एमआयडीसीत आमचं कास्टिंगचं छोटं युनिट आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये न्हावा शेव्यातून दोन कन्साइनमेंट पाठवल्या, आयजीएसटी भरून. सुमारे सात लाख छत्तीस हजारांचा रिफंड अडकला आहे. आइसगेटवर SB005 हा एरर दिसतोय. सीएचए म्हणतो जीएसटीआर-१ चुकलंय, अकाउंटंट म्हणतो शिपिंग बिल चुकलंय. शिपिंग बिलावरचे आणि आमचे इन्व्हॉइस नंबर वेगळे आहेत हे खरं. अधिकाऱ्यांना पत्र द्यायचंय. कोणाला द्यायचं आणि त्यात काय लिहायचं? नमुना दिलात तर उपकार होतील.

उत्तर:

सीएचए आणि अकाउंटंट यांचं भांडण आधी बाजूला ठेवा. दोघांनीही आपापल्या कागदावर खरा नंबर टाकलेला असू शकतो, आणि तुमच्या बाबतीत बहुधा तसंच झालंय. तुमच्याकडे निर्यातीच्या बिलांच्या दोन मालिका आहेत. एक टॅलीतून निघणारं जीएसटी इन्व्हॉइस, आणि दुसरं परदेशी ग्राहकाला डॉलरमध्ये पाठवायचं कमर्शियल इन्व्हॉइस, जे मार्केटिंगवाला एक्सेलमध्ये बनवतो. सीएचएच्या हाती दुसरं पडलं, त्याने तोच नंबर शिपिंग बिलात टाकला. अकाउंटंटने पहिलं घेऊन जीएसटीआर-१ भरलं. माल एक, पैसे एक, नंबर दोन.

आयजीएसटी भरून केलेल्या मालाच्या निर्यातीत रिफंडसाठी वेगळा अर्ज नसतो. सीजीएसटी नियम ९६ प्रमाणे शिपिंग बिल हाच अर्ज समजला जातो. जीएसटी पोर्टलकडून तुमच्या जीएसटीआर-१ च्या टेबल ६ए मधली, म्हणजे निर्यातीच्या तक्त्यातली माहिती कस्टम्सच्या सिस्टीमकडे जाते आणि तिथे शिपिंग बिलातल्या माहितीशी ताडून पाहिली जाते. हे ताडून पाहणं माणूस करत नाही, मशीन करतं. मशीनला `EXP-118` आणि `SCP/25-26/0118` हे एकाच मालाचे नंबर आहेत हे कळायला मार्ग नाही. इतकंच कशाला, `118` आणि `0118` किंवा तिरकी रेघ आणि आडवी रेघ एवढ्या फरकानेही SB005 येतो.

पत्र लिहायच्या आधी एक काम करा, कारण अर्धी पत्रं चुकीच्या आजारावर लिहिलेली असतात. जीएसटी पोर्टलवर `Services > Refunds` मध्ये `Track status of invoice data to be shared with ICEGATE` असा पर्याय आहे. तिथे ऑगस्ट महिना उघडा आणि दोन्ही बिलांची माहिती पुढे गेल्याचं दिसतं का ते पाहा. गेलीच नसेल तर कस्टम्सच्या अधिकाऱ्याकडे तुमचं काही पोचलेलंच नाही, तो काय करणार? त्या वेळी दोष बहुतेकदा जीएसटीआर-३बी मध्ये असतो. टेबल ३.१(बी) मध्ये, म्हणजे झिरो रेटेड पुरवठ्याच्या रकान्यात दाखवलेला आयजीएसटी हा जीएसटीआर-१ मध्ये निर्यातीवर दाखवलेल्या आयजीएसटीपेक्षा कमी असेल, तर पोर्टल माहिती कस्टम्सकडे पाठवत नाही. पुष्कळ वेळा अकाउंटंट घाईत निर्यातीची रक्कम ३.१(ए) मध्ये, देशांतर्गत विक्रीत मिसळून टाकतो. ते पुढच्या ३बी मध्ये नीट करायचं असतं, त्याला पत्र लागत नाही.

तुमच्याकडे SB005 दिसतोय, याचा अर्थ माहिती कस्टम्सपर्यंत पोचली आहे आणि शिपिंग बिलाचा नंबर, तारीख, पोर्ट कोड हे बरोबर आहेत. ते चुकलं असतं तर SB001 आला असता, जीएसटीआयएन जुळला नसता तर SB003. ईजीएम, म्हणजे जहाज सुटल्यावर शिपिंग लाइनने भरायचा अहवाल, भरला गेला नसता तर SB002 दिसला असता. त्यासाठी शिपिंग लाइनच्या मागे लागावं लागतं. माल आयसीडीतून, म्हणजे बंदरापासून दूरच्या कंटेनर डेपोतून गेला असेल तर त्याचाच भाऊ SB006. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की पत्रात फक्त एका गोष्टीबद्दल लिहायचं, आणि ती गोष्ट आता नक्की झाली: इन्व्हॉइस नंबर जुळत नाही.

इथे तुम्हाला कोणीतरी एक शॉर्टकट सुचवेल. जीएसटीआर-१ च्या टेबल ९ए मध्ये दुरुस्ती करून तुमच्या जीएसटी इन्व्हॉइसचा नंबर बदला, शिपिंग बिलातला `EXP-118` टाका, झालं. माझं मत स्पष्ट आहे: करू नका. टेबल ९ए हे टायपिंगच्या चुकीसाठी आहे. अकाउंटंटने 0118 ऐवजी 0181 टाकलं असतं तर मी स्वतःच म्हटलं असतं की पत्राच्या भानगडीत पडू नका, ९ए मधून दुरुस्त करा, माहिती पुन्हा आइसगेटला जाईल. चालू आर्थिक वर्षातल्या बिलांसाठी ही दुरुस्ती वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत करता येते, वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं नसेल तर. पण तुमचं खरं जीएसटी इन्व्हॉइस `SCP/25-26/0118` हेच आहे. वर्षाची उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर त्याचं ई-इन्व्हॉइसही झालेलं असणार, आयआरएन त्याच नंबरावर निघालेला. आता विवरणपत्रात असा नंबर घातलात की जो तुमच्या विक्रीच्या मालिकेत अस्तित्वातच नाही, तर रिफंड कदाचित सुटेल, पण दोन वर्षांनी ऑडिटवाले विचारतील की हे `EXP-118` कुठून आलं आणि `SCP/25-26/0118` कुठे गेलं. तेव्हा द्यायचं उत्तर आत्ताच्या पत्रापेक्षा लांबलचक होईल.

दुसरा मार्ग, म्हणजे शिपिंग बिलातला नंबर बदलून घेणं, तोही बंद आहे. ईजीएम भरला गेल्यावर शिपिंग बिलात अशी दुरुस्ती सिस्टीम स्वीकारत नाही. म्हणूनच सीबीआयसीने २३ फेब्रुवारी २०१८ च्या परिपत्रक क्र. ०५/२०१८-कस्टम्सने तिसरी वाट काढली. निर्यातदाराने दोन्ही नंबरांची सांगड घालणारा तक्ता द्यायचा, अधिकाऱ्याने कागद तपासून आपल्या स्क्रीनवर ती जोडणी मान्य करायची. या तक्त्याला सगळे कॉन्कॉर्डन्स टेबल म्हणतात. सुरुवातीला ही सोय ठरावीक तारखेपर्यंतच्या शिपिंग बिलांना होती, मग तारीख पुन्हा पुन्हा वाढवत गेले. शेवटी १७ फेब्रुवारी २०२१ च्या परिपत्रक क्र. ०५/२०२१-कस्टम्सने ती कायमची केली आणि दर शिपिंग बिलाला १,००० रुपये शुल्क लावलं. म्हणजे तुमच्या दोन बिलांना २,००० रुपये. सात लाखांपुढे हे काही नाही, पण एका महिन्यात चाळीस कुरिअर शिपिंग बिलं काढणाऱ्याला ते बोचतं, आणि बोचावं म्हणूनच लावलेलं असावं.

आता पत्र कोणाला? माल ज्या बंदरातून गेला तिथल्या कस्टम्सला. तुमच्या कोल्हापूरच्या जीएसटी अधिकाऱ्याला नाही. एलयूटीवर, कर न भरता निर्यात करून साठलेल्या आयटीसीचा रिफंड मागणारे त्यांच्याकडे आरएफडी-०१ घेऊन जातात. तुम्ही कर भरून माल पाठवलात, तुमचा रिफंड कस्टम्स देतं. तुमच्या दोन्ही बिलांवर पोर्ट कोड `INNSA1` आहे, म्हणजे न्हावा शेवा. तेव्हा पत्र जवाहरलाल नेहरू कस्टम हाउसमध्ये आयजीएसटी रिफंड पाहणाऱ्या उपायुक्तांच्या किंवा सहायक आयुक्तांच्या नावे जाईल. पुढे कधी एक माल समुद्राने आणि दुसरा विमानाने पाठवलात आणि दोन्ही अडकले, तर पत्रं दोन लागतील, कारण एका बंदराच्या अधिकाऱ्याला दुसऱ्या बंदराचं शिपिंग बिल उघडून काही करता येत नाही. नेमका विभाग, ईमेलचा पत्ता आणि शुल्क कसं भरायचं हे त्या कस्टम हाउसच्या पब्लिक नोटिसमध्ये असतं. सीएचएचा माणूस तिथे रोज जातो, त्याला ते तोंडपाठ असतं. भांडण मिटवायला हे निमित्त चांगलं आहे.

अधिकाऱ्यासमोर काय असतं ते डोळ्यांपुढे आणलंत की पत्र आपोआप सुटसुटीत होईल. तो शिपिंग बिलाचा नंबर टाकतो. एका बाजूला त्या शिपिंग बिलातले इन्व्हॉइस, त्यांची करपात्र किंमत आणि आयजीएसटी दिसतो. दुसऱ्या बाजूला जीएसटी पोर्टलकडून त्याच शिपिंग बिलाच्या नावावर आलेले इन्व्हॉइस. त्याला ठरवायचं असतं की डावीकडच्या कोणत्या ओळीला उजवीकडची कोणती ओळ लावायची, आणि तसं लावल्याबद्दल उद्या कोणी विचारलं तर फाइलमध्ये काय कागद आहे. तुमच्या पत्राने ही दोन उत्तरं दिली पाहिजेत. बाकीचं सगळं त्याच्या दृष्टीने भर आहे.

पण लोक लिहितात ते असं: "आम्ही गेली वीस वर्षे प्रामाणिकपणे कर भरणारे निर्यातदार असून देशाला परकीय चलन मिळवून देतो. आमचे खेळते भांडवल अडकल्याने कामगारांचे पगार देणे कठीण झाले आहे. तरी आमचा रिफंड त्वरित मंजूर करावा, अन्यथा आम्हाला व्याजासह दाद मागावी लागेल." यातलं एकेक वाक्य खरं असेल. पण शिपिंग बिलाचा नंबर शेवटच्या ओळीत, इन्व्हॉइस नंबर कुठेच नाही, आणि कोणता एरर आलाय त्याचा पत्ता नाही. हे वाचून अधिकारी करणार काय? तो "सविस्तर तपशील सादर करावा" असं लिहून पत्र परत पाठवतो आणि महिना जातो.

सगळा खेळ तक्त्याचा आहे, म्हणून आधी तक्ता करू. तुमच्या आकड्यांवरून मी एक नमुना मांडतो. नंबर नमुन्याचे आहेत, तुमचे घाला. समजा पहिलं शिपिंग बिल साधं आहे, एकास एक. दुसऱ्यात गंमत आहे: ग्राहकाला एकच कमर्शियल इन्व्हॉइस गेलंय, पण तुमच्याकडे दोन पर्चेस ऑर्डर असल्यामुळे जीएसटी इन्व्हॉइस दोन निघाली. असं फार वेळा होतं, आणि इथेच तक्ते चुकतात.

```
शिपिंग बिल 4410026, 14-08-2025, INNSA1
  SB इन्व्हॉइस : EXP-118          18,30,000  IGST 3,29,400
  GST इन्व्हॉइस: SCP/25-26/0118   18,40,000  IGST 3,31,200

शिपिंग बिल 4426317, 21-08-2025, INNSA1
  SB इन्व्हॉइस : EXP-121          22,50,000  IGST 4,05,000
  GST इन्व्हॉइस: SCP/25-26/0121   13,00,000  IGST 2,34,000
                 SCP/25-26/0122    9,50,000  IGST 1,71,000
```

प्रत्यक्ष तक्ता परिपत्रकाच्या परिशिष्टातल्या रकान्यांमध्येच भरा, त्यात इन्व्हॉइसच्या तारखाही येतात. स्वतःचे रकाने शोधून काढू नका. मांडणी मात्र अशीच ठेवा: आधी शिपिंग बिलातला इन्व्हॉइस, मग त्याच्याखाली त्याला लागू पडणारी जीएसटी इन्व्हॉइस. आपल्या टॅलीच्या क्रमाने यादी दिलीत तर अधिकाऱ्याला उलटं वाचावं लागतं.

दुसऱ्या बिलाची बेरीज बघा. तेरा लाख आणि साडेनऊ लाख मिळून साडेबावीस लाख, आणि आयजीएसटी २,३४,००० अधिक १,७१,००० म्हणजे ४,०५,०००. शिपिंग बिलाशी पैशापैशाने जुळतंय. अशी जोडणी अधिकारी डोळे झाकून नाही, पण निर्धास्तपणे मान्य करू शकतो. फक्त 0121 आणि 0122 ही दोन्ही इन्व्हॉइस जीएसटीआर-१ मध्ये याच शिपिंग बिलाच्या नंबरावर दाखवली आहेत ना, हे तपासा. एक जरी राहिलं असेल किंवा चुकून दुसऱ्या शिपिंग बिलावर चढलं असेल, तर उजवीकडच्या बाजूला एकच ओळ दिसेल आणि साडेनऊ लाखांचं भोक राहील. मग आधी टेबल ९ए किंवा पुढच्या जीएसटीआर-१ मधून ते नीट करायचं, माहिती कस्टम्सला पोचू द्यायची, आणि त्यानंतर पत्र द्यायचं.

पहिल्या बिलात १०,००० रुपयांचा फरक आहे. बहुतेक वेळा असा फरक दोनपैकी एका कारणाने येतो. एकतर अकाउंटंटने डॉलरचा दर बँकेचा धरला आणि सीएचएने सीबीआयसीने जाहीर केलेला, किंवा भाडं आणि विमा एकीकडे धरला आणि दुसरीकडे नाही. जीएसटी इन्व्हॉइसलाही मालासाठी सीबीआयसीचाच जाहीर दर लावायचा असतो, पण कारखान्यांत बँकेच्या दराची सवय जात नाही. फरक असला म्हणून जोडणी नाकारली जात नाही, पण रिफंड दोन्हींतल्या कमी रकमेचा मिळतो. म्हणजे इथे ३,३१,२०० भरले असले तरी ३,२९,४०० मिळतील आणि १,८०० रुपये सोडून द्यावे लागतील. तेव्हा तुम्ही म्हणता त्या ७,३६,२०० ऐवजी हिशेब ७,३४,४०० चा धरा. अठराशे रुपयांसाठी पत्रात वाद घालू नका. फरक लपवूही नका. अधिकाऱ्याला तो स्क्रीनवर दिसणारच आहे. तुम्ही आधीच कारण लिहिलं असेल तर त्याला विचारावं लागत नाही.

पत्राचा मसुदा खाली देतो. मराठीत देतोय तो तुम्हाला प्रत्येक ओळ कशासाठी आहे हे कळावं म्हणून. कस्टम्सच्या फाइलवर टिपणी इंग्रजीत किंवा हिंदीत चालते, तेव्हा द्यायची प्रत इंग्रजीत करा, ओळींचा क्रम मात्र हाच ठेवा.

> प्रति,
> मा. उपायुक्त, सीमाशुल्क (आयजीएसटी रिफंड विभाग),
> जवाहरलाल नेहरू कस्टम हाउस, न्हावा शेवा.
>
> विषय: शिपिंग बिल क्र. 4410026 (दि. १४-०८-२०२५) व 4426317 (दि. २१-०८-२०२५) – SB005 – इन्व्हॉइस नंबरांची सांगड घालून आयजीएसटी रिफंड प्रक्रियेत घेण्याबाबत.
>
> संदर्भ: परिपत्रक क्र. ०५/२०१८-कस्टम्स, दि. २३-०२-२०१८ आणि परिपत्रक क्र. ०५/२०२१-कस्टम्स, दि. १७-०२-२०२१.
>
> कंपनीचे नाव, आयईसी, जीएसटीआयएन: (येथे लिहावे)
>
> महोदय,
>
> १. वरील दोन शिपिंग बिलांखाली आम्ही आयजीएसटी भरून लोखंडी कास्टिंगची निर्यात केली आहे. दोन्ही शिपिंग बिलांची माहिती आमच्या ऑगस्ट २०२५ च्या जीएसटीआर-१ मधील टेबल ६ए मध्ये दिली असून त्याच महिन्याच्या जीएसटीआर-३बी मध्ये कर भरला आहे.
>
> २. ही माहिती कस्टम्स सिस्टीमला मिळाली आहे. मात्र दोन्ही शिपिंग बिलांसाठी आइसगेटवर SB005 दर्शविला जात आहे (प्रत जोडली आहे).
>
> ३. कारण असे की, शिपिंग बिले दाखल करताना आमच्या कमर्शियल इन्व्हॉइसचे नंबर (EXP मालिका) देण्यात आले, तर जीएसटीआर-१ मध्ये त्याच मालाच्या जीएसटी इन्व्हॉइसचे नंबर (SCP मालिका) दिले आहेत. माल, ग्राहक, वजन आणि नग दोन्ही कागदांवर तेच आहेत.
>
> ४. शिपिंग बिल 4426317 मधील एका इन्व्हॉइससाठी (EXP-121) आमची जीएसटी इन्व्हॉइस दोन आहेत (SCP/25-26/0121 व 0122). दोन्हींच्या आयजीएसटीची बेरीज शिपिंग बिलाशी जुळते.
>
> ५. शिपिंग बिल 4410026 मध्ये आयजीएसटीच्या रकमेत १,८०० रुपयांचा फरक आहे. जीएसटी इन्व्हॉइस करताना चलनाचा दर वेगळा लावल्याने तो आला आहे. दोन्हींपैकी कमी रक्कम, म्हणजे ३,२९,४०० रुपये, ग्राह्य धरण्यास आमची हरकत नाही.
>
> ६. विहित नमुन्यातील कॉन्कॉर्डन्स टेबल सहीशिक्क्यासह सोबत जोडले आहे. दोन शिपिंग बिलांचे २,००० रुपये शुल्क भरल्याची पावती जोडली आहे.
>
> तरी वरील इन्व्हॉइसची सांगड मान्य करून एकूण ७,३४,४०० रुपयांचा आयजीएसटी रिफंड प्रक्रियेत घ्यावा, ही विनंती.
>
> आपला विश्वासू,
> (अधिकृत स्वाक्षरीकर्ता, पद, शिक्का, मोबाइल)

तिसऱ्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य लिहिण्याआधी खरोखर ताडून पाहा. पॅकिंग लिस्ट, जीएसटी इन्व्हॉइस आणि शिपिंग बिल तिन्ही समोर ठेवून नग मोजा. एका कागदावर ४८० नग आणि दुसऱ्यावर ४८ क्रेट असेल तर एका क्रेटमध्ये दहा नग हे पत्रातच सांगून टाका. अधिकारी सांगड घालतो ती याच धाग्यावर. नंबर जुळत नाहीत तेव्हा मालाच्या वर्णनाशिवाय त्याच्याकडे दुसरा आधार नसतो.

सोबत जोडायचे कागद: शिपिंग बिलाची अंतिम प्रत, दोन्ही मालिकांची इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, जीएसटीआर-१ मधला टेबल ६ए चा भाग, ३बी आणि आइसगेटवरचा एररचा स्क्रीनशॉट. प्रत्येक शिपिंग बिलाचा गठ्ठा वेगळा बांधा आणि तक्ता सगळ्यात वर ठेवा. काही ठिकाणी सीएचं प्रमाणपत्र मागतात, काही ठिकाणी नाही. सीएचएला आधीच विचारून घ्या, म्हणजे फेरी वाचेल. तक्त्याची स्कॅन प्रत त्या कस्टम हाउसने यासाठी दिलेल्या ईमेलवरही पाठवा, विषयाच्या ओळीत शिपिंग बिल नंबर आणि SB005 असू द्या. कागदी प्रतीवर आवक शिक्का घ्यायला विसरू नका. पुढे स्मरणपत्र द्यायची वेळ आली तर त्याची सुरुवात त्याच आवक क्रमांकाने होते.

व्याजाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी कानात सांगेलच. कलम ५६ मध्ये साठ दिवसांनंतर सहा टक्के व्याजाची तरतूद आहे. पहिल्या पत्रात तिचा उल्लेख करू नका. नंबर तुमच्या बाजूने जुळत नव्हते, त्यामुळे साठ दिवस कधीपासून मोजायचे यावरच वाद होईल, आणि ज्याने एका बैठकीत तुमची सांगड घालून दिली असती तो फाइल विधी विभागाचं मत मागवायला पाठवेल. तक्ता, शुल्क आणि सगळे कागद पोचून दोन महिने उलटले, दोन स्मरणपत्रांनाही उत्तर नाही, तर मग व्याजाची मागणी करायला आणि सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवायला तुमच्याकडे तारखांचा पक्का आधार असेल.

अधिकाऱ्याने जोडणी मान्य केली की आइसगेटवर SB005 जाऊन SB000 दिसायला हवा. तिथून पुढे बिल रिफंडच्या स्क्रोलमध्ये, म्हणजे पैसे द्यायच्या यादीत येतं आणि पीएफएमएसमार्फत पैसे खात्यात जमा होतात. SB000 दिसूनही स्क्रोलमध्ये नाव येत नसेल, तर हे पत्र पुन्हा पाठवून उपयोग नाही. तेव्हा कारण वेगळं असतं: तुमच्या जीएसटीआयएनवर जोखमीच्या निर्यातदाराचा अलर्ट लागलेला असू शकतो, ज्यात तुमच्या जीएसटी कार्यालयाकडून पडताळणी अहवाल जावा लागतो. स्क्रोलमध्ये आलं पण पैसे नाहीत, असं झालं तर बँक खातं बघा. कस्टम्सकडे नोंदवलेलं खातं बंद झालंय, बँक दुसऱ्या बँकेत विलीन होऊन आयएफएससी बदललाय, असं कोल्हापूर-सांगलीकडच्या दोन-तीन कारखान्यांत मी पाहिलं आहे. खात्याची माहिती आइसगेटवर दुरुस्त केली की पुढच्या स्क्रोलला पैसे येतात.

आणि हे पत्र पोस्टात पडायच्या आत पुढच्या कन्साइनमेंटचं बघा, नाहीतर तिसरं शिपिंग बिल याच रांगेत उभं राहील. शिपिंग बिल दाखल करण्याआधी सीएचए तुम्हाला चेकलिस्ट मंजुरीसाठी पाठवतो. तुमच्याकडे ती व्हॉट्सॲपवर येत असेल आणि कोणीतरी न वाचता "ओके" लिहीत असेल. ती अकाउंटंटकडे जाऊ द्या. त्याने त्यात चारच गोष्टी पाहायच्या: इन्व्हॉइस नंबर जीएसटी इन्व्हॉइसचाच आहे का, तारीख तीच आहे का, करपात्र किंमत आणि आयजीएसटी जीएसटी इन्व्हॉइसशी जुळतो का, आणि आयजीएसटी भरल्याचा रकाना `P` दाखवतो का. ग्राहकासाठी कमर्शियल इन्व्हॉइस वेगळं लागतच असेल तर त्यालाही जीएसटी इन्व्हॉइसचाच नंबर द्या. सोळा अक्षरांची मर्यादा आहे आणि अक्षरं, आकडे, आडवी रेघ, तिरकी रेघ यांच्यापलीकडे काही चालत नाही, तेवढ्यात परदेशी ग्राहकाचंही भागतं. मार्केटिंगवाल्याची एक्सेल फाइल मात्र त्याच्याकडून काढून घ्यावी लागेल.